हात टेबलावर ठेवा: प्रतिमा पुरींपासून यांत्रिक वृत्तनिवेदिकेपर्यंत

मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं की पटपडगंजच्या लढाईच्या सुरुवातीला बातम्या देणाऱ्या त्या बाई कोण. उत्तर एका ओळीचं आहे: कोणी नाही. त्या संगणकाने तयार केलेल्या आहेत आणि तसं कोपऱ्यात लिहिलेलंही होतं. पण ही एक ओळ लिहिण्यापर्यंत आणि त्या बाईंचे हात टेबलावर स्थिर ठेवण्यापर्यंत मला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मला एका जुन्या गोष्टीचा इतिहास नव्याने कळला. आजचा भाग त्यावर.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपल्या मराठी माणसाला 'प्रॉम्प्ट' हा शब्द संगणकाने शिकवलेला नाही. तो नाटकाने शिकवला. दिल्लीत आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात नाटक बसायचं तेव्हा विंगेत वही घेऊन उभा राहणारा प्रॉम्प्टर हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित माणूस असे. नट अडला की तो हळूच पुढचा शब्द सांगायचा. पुढे १९५० च्या सुमारास अमेरिकेत ह्यूबर्ट श्लाफ्ली नावाच्या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच काम यंत्राकडे दिलं. सूटकेसमध्ये बसवलेला कागदाचा रोल, त्यावर मोठ्या अक्षरात संवाद, आणि रोल पुढे सरकवणारा एक माणूस. त्याचं नाव टेलिप्रॉम्प्टर. आता तिसरा अर्थ आला आहे. आपण संगणकाला लिहून देतो तो प्रॉम्प्ट. पहिल्या दोघांत आणि या तिसऱ्यात एक फरक आहे. विंगेतला प्रॉम्प्टर फक्त काय बोलायचं ते सांगत असे. कसं उभं राहायचं, हात कुठे ठेवायचे, हे नटाला ठाऊक असायचं. या नव्या प्रॉम्प्टमध्ये तेही सांगावं लागतं, कारण समोर ज्याला काही ठाऊक असेल असं कोणी नसतं.

वृत्तनिवेदकाला हात कुठे ठेवायचे हे कोणी शिकवलं, हा माझ्यासाठी खरा प्रश्न ठरला.

दिल्लीत दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ ला झाली, संसद मार्गावरच्या आकाशवाणी भवनातल्या एका तात्पुरत्या स्टुडिओतून. रोजचं प्रक्षेपण १९६५ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी पाच मिनिटांचं बातमीपत्र आलं. ते वाचणाऱ्या प्रतिमा पुरी या दूरदर्शनच्या पहिल्या वृत्तनिवेदिका. त्या काळचं बातमीपत्र डोळ्यांसमोर आणा. कॅमेरा जड, चाकांच्या स्टँडवर उभा. एकदा चौकट लावली की बातम्या संपेपर्यंत तो हलवायचं काही कारण नाही. समोर टेबल. टेबलावर कागद. निवेदकाच्या दोन्ही हातांना काम आहे: एक हात कागद धरतो, दुसरा पुढचा कागद मोकळा करतो. नजर कागदावर जाते, वाक्य उचलते आणि कॅमेऱ्याकडे येते. हात हलवायला जागाही नाही आणि सवडही नाही. आपण ज्याला 'बातम्या देण्याची संयत पद्धत' म्हणतो ती अशी जड कॅमेऱ्यातून, टेबलातून आणि कागदातून आली. कोणी बसून नियम केला नव्हता.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. स्मिता पाटील तिथे मराठी बातम्या देत. त्या जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसत, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. ती गोष्ट गंमत म्हणून सांगतात, पण ती खरं म्हणजे चौकटीची गोष्ट आहे. कॅमेरा टेबलाच्या वरचंच दाखवत होता आणि तो खाली जाणार नाही याची सर्वांना खात्री होती. प्रदीप भिडे यांच्या सातच्या बातम्या ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिल्या त्यांनी त्यांचे हात आठवून बघावेत. चेहरा लगेच आठवतो, आवाज त्याहून आधी. हात आठवतच नाहीत. ते चौकटीत असतील, पण त्यांनी कधी स्वतःकडे लक्ष वेधलं नाही.

टेलिप्रॉम्प्टर स्टुडिओत आल्यावर एक मजेशीर बदल झाला. भिंगासमोर तिरकी काच बसवली आणि तिच्यात अक्षरं उमटू लागली, त्यामुळे निवेदक सरळ आपल्या डोळ्यांत बघत वाचू लागला. कागदाची गरज संपली. तरी कागद टेबलावर राहिलेच. यंत्र बंद पडलं तर हाताशी असावेत हे एक कारण. दुसरं कारण असं की रिकाम्या हातांचं काय करायचं हा प्रश्न पहिल्यांदाच उभा राहिला होता. पुढे खासगी वाहिन्या आल्या, निवेदक उभे राहिले, चालू लागले, बोटं रोखू लागले. त्याबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहे, ते पुन्हा सांगत नाही.

मला स्वतःला त्या जुन्या स्थिरपणाची किंमत ३१ ऑक्टोबर १९८४ ला कळली. मी तेव्हा तरुण कॅप्टन होतो, पश्चिम सीमेजवळच्या एका छावणीत. दुपारपासून बातमी कुजबुजीने फिरत होती, परदेशी रेडिओचा हवाला देत. अधिकृत काही नव्हतं. संध्याकाळी मेसमध्ये टीव्हीसमोर आम्ही सगळे उभे होतो, कोणी बसलं नव्हतं. सलमा सुलतान यांनी पंतप्रधानांच्या हत्येची बातमी दिली. मला शब्द आठवत नाहीत. एवढंच आठवतं की त्या हलल्या नाहीत, आणि त्यामुळे खोलीत कोणी हललं नाही. ज्या बातमीने माणसं बिथरू शकतात ती बातमी देणाऱ्याचे हात शांत असणं ही साधी गोष्ट नव्हे. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याचंही तसंच असतं.

आता यंत्राकडे. एप्रिल २००० मध्ये ब्रिटनच्या प्रेस असोसिएशनने 'अनानोव्हा' नावाची संगणकीय वृत्तनिवेदिका आणली. हिरवट केसांची, आणि दिसायची ती डोक्यापासून खांद्यापर्यंत. हातांचा प्रश्न त्यांनी हात न दाखवून सोडवला! नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या शिन्हुआ वृत्तसंस्थेने चिऊ हाओ या खऱ्या निवेदकाच्या चेहऱ्यावरून आणि आवाजावरून यांत्रिक निवेदक बनवला. तो टेबलामागे बसलेला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि तेव्हा शिन्हुआने मुद्दाम सांगितलं की हा आता उभा राहतो आणि हातवारे करतो. म्हणजे चेहऱ्यानंतर हात यायला काही महिने लागले, आणि ती बातमी सांगण्याजोगी वाटली. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये नोएडाच्या फिल्म सिटीतल्या 'आज तक'ने 'सना' आणली. २६ मे २०२४ ला दिल्लीतून 'डीडी किसान'ने 'एआय क्रिश' आणि 'एआय भूमी' हे दोन निवेदक आणले. ते पन्नास भाषांत बोलू शकतात, न थकता चोवीस तास वाचू शकतात, असं सरकारी पत्रकात म्हटलं होतं. ही सगळी मोठ्या संस्थांची कामं. पण त्यानंतर साधनं अशी झाली की आमच्यासारखा सेवानिवृत्त माणूस घरी बसून चार ओळी लिहून निवेदिका उभी करू शकतो. तिथे माझी कथा सुरू होते.

पटपडगंजच्या लढाईचा भाग करायचा होता. ११ सप्टेंबर १८०३. यमुनेच्या पूर्वेला जनरल लेकची इंग्रज फौज आणि समोर दौलतराव शिंद्यांची कवायती पलटणं, फ्रेंच सरदार लुई बोर्क्विनच्या हाताखाली. शिंद्यांच्या तोफा मोक्याच्या जागी होत्या. लेकने आपलं घोडदळ मुद्दाम मागे घेतलं, पलटणी जागा सोडून पुढे आल्या आणि मग लेकच्या पायदळाने संगिनींनी हल्ला केला. त्याच आठवड्यात इंग्रज दिल्लीत शिरले आणि बादशहा शाह आलम त्यांच्या छत्राखाली गेला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सच्या आवारात उभा आहे. लोक शेजारून चेंडू मारत जातात. मला वाटलं, हीच बातमी १२ सप्टेंबर १८०३ च्या सकाळी दूरदर्शनवर आली असती तर कशी दिली गेली असती? दोन मिनिटांचं बातमीपत्र करू.

माझी भाची फिल्म सिटीत व्हिडिओ एडिटिंग करते. तिने साधन दाखवलं. मी मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिलं: एक भारतीय वृत्तनिवेदिका व्यावसायिक पद्धतीने बातम्या देत आहे, हात फार हलवत नाही, कॅमेरा हलत नाही. आठ सेकंदांचा तुकडा तयार झाला. बाईंचे दोन्ही हात छातीसमोर सतत उघडझाप करत होते, कॅमेरा हळूहळू चेहऱ्याकडे सरकत होता, आणि डाव्या हाताला एका क्षणी सहा बोटं होती. शेवटी, 'पीछेहाट झाली' हे म्हणून झाल्यावर, त्या गोड हसल्या.

भाची म्हणाली, "मामा, तुम्ही 'हात' लिहिलंत ना, म्हणून त्याने हात दिले."

ती थट्टेत बोलली, पण मुद्दा बरोबर होता. हे साधन लाखो चित्रफिती पाहून घडवलेलं असतं. आपण वाक्यात 'हात' आणि 'हलवणे' हे शब्द घातले की ते त्यांच्या जवळची दृश्यं शोधतं. त्यांच्या शेजारच्या 'नाही'चा जोर कमी पडतो. शिवाय त्याने पाहिलेले बोलणारे लोक बहुतेक आजच्या काळातले, हात उडवत बोलणारेच असणार. त्याचं मुळातलं वळणच ते. त्याला काय करू नको हे सांगून भागत नाही, काय कर ते सांगावं लागतं.

हे ऐकून मला माझी जुनी शाळा आठवली. पायदळात सेक्शन कमांडर गोळीबाराचा हुकूम देतो त्याचा क्रम ठरलेला असतो: कोणी, किती अंतरावर, कुठे आणि कसा. 'चुकीच्या झाडावर मारू नका' असा हुकूम कोणी देत नाही. झाड कोणतं ते सांगतात. मी प्रॉम्प्ट तसा बांधायला घेतला. शेवटी जो उपयोगी पडला तो असा:

```
Medium shot, waist up, eye level. Camera locked on a tripod
for the whole shot; frame edges do not move.
A woman of about fifty in a plain cotton sari sits behind a desk,
looking into the lens. She breathes and blinks naturally.
Both hands rest on the desk, fingers loosely interlaced,
fully inside the frame. Once, on the word "दिल्लीसमोर", the right
hand opens slightly and returns to rest.
Serious, calm face throughout; after the last word she closes
her mouth and holds her gaze.
Plain grey-blue wall, soft even light.
She says in Marathi: "इंग्रज सेनापती लेक यांची फौज आता
दिल्लीसमोर उभी आहे."
```

यातल्या काही ओळींसाठी बरीच रात्र जागलो आहे, म्हणून त्या सांगतो.

पहिली चौकटीची. आधी मी छातीपासून वरची चौकट मागितली होती, जुन्या दूरदर्शनसारखी. त्यात हात चौकटीच्या खालच्या कडेला येत आणि जात. खऱ्या माणसाच्या बाबतीत यात काही बिघडत नाही, कारण हात चौकटीबाहेर गेला तरी तो तोच हात असतो. यंत्राला तो हात दिसेनासा झाला की त्याच्यापुरता तो संपतो. परत येतो तो नवीन काढलेला हात असतो. बांगडी जाते, बोटं लांब होतात. बहुतेक वेळा सहावं बोट येतं ते याच कडेवर. म्हणून नियम असा केला की हात एक तर पूर्ण आत असावेत, नाही तर पूर्ण बाहेर. अनानोव्हाने दुसरा मार्ग घेतला होता, मी पहिला घेतला. बोटं एकमेकांत गुंतवून ठेवायला सांगितली, कारण गुंतलेली बोटं टेबलावर पडून असली की त्यांना पुन्हा काढावं लागत नाही. कागद हातात देऊन पाहिला होता, प्रतिमा पुरींच्या आठवणीने. दोन सेकंदांत एका कागदाचे तीन झाले आणि त्यावर कोणत्याच लिपीत नसलेली अक्षरं उमटली. कागद काढून टाकला.

दुसरी गोष्ट स्थिरपणाची. एका प्रयत्नात मी कॅमेराही स्थिर आणि बाईही स्थिर असं लिहिलं. परिणाम असा की फोटोचे फक्त ओठ हलत आहेत असं दिसू लागलं. अंगावर काटा आला. तेव्हा कळलं की जुने निवेदक स्थिर नव्हतेच, शांत होते. ते श्वास घेत, पापणी लवे, महत्त्वाच्या शब्दावर मान किंचित खाली जाई. म्हणून आता कॅमेऱ्याच्या वाक्यात स्थिर आणि माणसाच्या वाक्यात श्वास, असं वेगळं वेगळं लिहितो. हाताची एकच हालचाल आणि तीही नेमक्या शब्दावर ठेवली. तिला परतीची जागा दिली नाही तर उघडलेला हात हवेतच राहतो आणि पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला तो टेबलावर असतो. जोड लगेच दिसतो.

जोड असतातच. असा एक तुकडा आठ सेकंदांचा, त्यात मराठीची पंधरा-सोळा शब्दांची बातमी सावकाश बसते. जास्त शब्द घातले की बाई घाईने बोलतात आणि घाईत हातही सुटतात. दोन मिनिटांना पंधरा तुकडे लागले. प्रत्येक तुकडा नुसत्या वर्णनावरून केला असता तर पंधरा वेगळ्या बाई झाल्या असत्या. म्हणून एक चित्र पक्कं केलं आणि प्रत्येक तुकड्याला तेच सुरुवातीचं चित्र म्हणून दिलं. हात टेबलावर, तोंड मिटलेलं. प्रत्येक तुकडा त्याच अवस्थेत संपावा हे प्रॉम्प्टमध्ये लिहिलं. कवायतीत प्रत्येक हालचाल सावधानपासून सुरू होते आणि सावधानवर येते, तसंच.

तपासायची माझी पद्धत अगदी साधी आहे. पडद्यावर टेबलाच्या कडेच्या रेषेवर एक बारीक चिकटपट्टी लावतो आणि तुकडा सुरू करतो. आठव्या सेकंदाला टेबलाची कड पट्टीपासून सुटली असेल तर कॅमेरा सरकला आहे, डोळ्यांना जाणवलं नसलं तरी. मग आवाज बंद करून फक्त ओठ पाहतो. प, ब, भ, म यांना ओठ मिटलेच पाहिजेत. 'बादशहा', 'पलटण' म्हणताना ओठ उघडे राहिले तर तो तुकडा टाकून द्यायचा. मग उलट करतो: डोळे मिटून फक्त ऐकतो. आपल्या मराठीची इथे फार परीक्षा होते. 'चांगला'मधला च आणि 'चंद्र'मधला च यंत्राला एकच वाटतो. 'जागा' हा शब्द ते हिंदीतल्या 'जागा'सारखा म्हणतं. आकडे अंकांत लिहिले की पुष्कळदा हिंदीत वाचतं. १८०३ हे 'अठराशे तीन' असं अक्षरांत लिहिल्यावरच नीट आलं. दिल्लीत चाळीस वर्षं राहून माझ्याही मराठीत हिंदी शिरली आहे, पण 'अठारह सौ तीन' मराठी बातमीपत्रात ऐकवत नाही. खालच्या पट्टीतली देवनागरी अक्षरं यंत्राकडून काढून घेण्याचा नाद सोडला. ती भाचीने एडिटिंगमध्ये वरून घातली.

आणि ते हसू. 'हसू नये' लिहून गेलं नाही. 'गंभीर चेहरा' लिहिल्यावरही वाक्य संपताच ओठ पसरायचे, कारण बोलणं संपल्यावर कॅमेऱ्याकडे बघून हसणं ही आजच्या चित्रफितींची सवय आहे. शेवटच्या शब्दानंतर काय करायचं ते सांगितलं, ओठ मिटायचे आणि नजर धरायची, तेव्हा ते गेलं. या हसण्याने मी इतका का बिथरलो हे भाचीला कळेना. मी नोकरीत असताना काही घरी तारा पाठवल्या आहेत, दोन घरी स्वतः गेलो आहे. मेलेल्या शिपायाची बातमी देऊन हसणारा चेहरा मी, दोनशे वर्षांपूर्वीच्या शिपायासाठीसुद्धा, पाहू शकत नाही.

एवढं झाल्यावर तयार बातमीपत्र मी कौतुकाने घरच्या गटात टाकलं. तासाभराने बेळगावहून मावशीचा फोन.

"अरे, कुठल्या वाहिनीवर लागलंय हे? दिल्लीला लढाई सुरू झाली आणि तू काही बोलला नाहीस?"

मावशीचं वय ब्याऐंशी. तिने सुरुवातीचं साल ऐकलं नव्हतं, मधूनच पाहायला घेतलं होतं. तिने 'फौज आता दिल्लीसमोर उभी आहे' एवढंच ऐकलं आणि विश्वास ठेवला. का ठेवला? त्या बाई शांत होत्या म्हणून. हात टेबलावर होते म्हणून. सातच्या बातम्यांनी तिला तीस-चाळीस वर्षं जे शिकवलं होतं, तेच मी तीन आठवडे घालून यंत्राकडून करून घेतलं होतं. मी किती वेळ गप्प राहिलो ते आठवत नाही. मग म्हटलं, "मावशी, ती बाई खरी नाही." ती म्हणाली, "बाई कशीही असो, लढाई खरी आहे का ते सांग."

यात एक विचित्र गाठ आहे. स्थिर चौकट आणि शांत हात यांनी बातमीला वजन येतं, आणि यंत्राला नकलेसाठी सर्वांत सोपं तेच असतं. धावणारा, वळणारा, हात उडवणारा माणूस काढताना ते चुकतं. बसलेला माणूस सहज जमतो. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याच्या पत्रकार परिषदेची एक चित्रफीत फिरली. त्यात विमानं गमावल्याची कबुली होती. ती शब्दांत फेरफार केलेली बनावट निघाली, पण तोवर आपल्याकडच्या काही माध्यमांनीही ती खरी मानून चालवली होती. गणवेश, बैठक, समोरचा स्थिर कॅमेरा. शत्रूच्या तोंडून आपल्याला हवं ते ऐकायला मिळालं की तपासायचं कोणाला सुचतं? आम्हाला असं वागायला शिकवलं नव्हतं.

फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशा कृत्रिम चित्रफितींवर ठळक खूण असणं बंधनकारक झालं आहे. खूण मी आधीही लावत होतो, कोपऱ्यात, बारीक. मावशीच्या फोननंतर ती बदलली. आता पंधराही तुकड्यांवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पट्टीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: 'संगणकनिर्मित निवेदिका. बातमी ११ सप्टेंबर १८०३ ची.' कोणी मधून पाहिलं तरी ते दिसतं. निवेदिकेच्या मागची आधुनिक स्टुडिओसारखी भिंत काढली आणि जुन्या नकाशाच्या रंगाची मातकट भिंत घातली. आणि 'आता' हा शब्द काढून टाकला. पुष्कळ गोंधळ त्या एका शब्दाने केला होता.

एक काम मात्र यंत्राला दिलं नाही. लढाईत पडलेल्या शिपायांबद्दलची तीन वाक्यं, दोन्ही बाजूंच्या, मी स्वतः वाचली आहेत. भाचीने माझ्या अभ्यासिकेत टेबलामागे बसवलं, मोबाइल स्टँडवर लावला, चौकट तीच ठेवली. पहिल्या चार वेळा ती मध्येच थांबवून म्हणाली, "मामा, हात." पाचव्या वेळी मी बोटं एकमेकांत गुंतवली, टेबलावर ठेवली आणि वाचलं. तुम्ही मागच्या भागात पाहिलं ते ते पाचवं.